भिंतीमागचं जिओफॅब्रिक आणि पिशवीचं नॉनवोव्हन: दोन्ही एकच का?

पाचवा_मजला | १४ जुलै, रात्री ९:४०

घोडबंदर रोडला, येऊरच्या उताराला लागून आमची सोसायटी आहे. मागच्या बाजूला ३ मीटर उंच आणि ४० मीटर लांब रिटेनिंग वॉल आहे. बिल्डरची जुनी दगडी भिंत पडायला आली म्हणून २०२२ च्या मे महिन्यात सोसायटीने ही नवी आरसीसीची बांधून घेतली. पाणी जायला चार इंची पाइपांच्या दोन ओळी आहेत, दर दीड मीटरवर एक पाइप.

पहिल्या पावसाळ्यात सगळ्या पाइपांतून गढूळ पाणी यायचं, अगदी सप्टेंबरपर्यंत. पुढच्या वर्षी निम्मे पाइप वाहिले. यंदा एवढा पाऊस होऊनही पन्नासेक पाइपांपैकी फक्त तीन ठिबकतायत. पाणी आता भिंतीच्या जोडातून झिरपतंय आणि ओळंबा लावून पाहिला तर माथा १८ मिलिमीटर बाहेर झुकलेला दिसतो. तो आधीपासून तसाच होता की आत्ता झुकला, हे कळायला जुनं माप नाही.

कंत्राटदार म्हणतो, "माती अडवून पाणी सोडणारं जिओफॅब्रिक घातलंय, बिलात आहे." वॉचमनच्या केबिनमागे त्याचा उरलेला तुकडा सापडला. पांढरा, पातळ, साड्यांच्या कव्हरला असतो तसा, अंगावर बारीक ठिपक्यांची नक्षी. त्याला दाखवल्यावर म्हणाला, "नॉनवोव्हन म्हणजे नॉनवोव्हन. पिशवी, मास्क, जिओ, सगळं पीपी प्लास्टिकच. फरक फक्त जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम त्याचा."

हे खरं आहे का? कमिटीत मी एकटाच याच्या मागे लागलोय, त्यामुळे नीट समजून घ्यायचंय.

---

रंगनाथ_कापडवाले | १४ जुलै, रात्री १०:१५

पस्तीस वर्षं कापडात आहे. कंत्राटदार अगदीच चूक नाही. आमच्याकडे पॉपलिन ११०-१२० जीएसएमचं येतं, जाड जीन्स ४०० च्या आसपास. वजन हातात घेतलं की कापडाचा जीव कळतो. तुमचा तुकडा ७० चा वगैरे असेल. भिंतीला ७० कसं पुरेल? ३०० चं घ्यायला हवं होतं. जीएसएम वाढवा, प्रश्न संपला.

---

सुईफलक | १४ जुलै, रात्री ११:३०

रंगनाथजी, कापडाच्या दुकानात तुमचं म्हणणं बरोबर आहे. भिंतीमागे ते पुरत नाही. मी महापे एमआयडीसीत नीडल पंचिंगच्या लाइनवर अकरा वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शर्टाच्या कापडाचा सगळा विचार धाग्यापासून सुरू होतो. तंतूंना पीळ देऊन सूत, मग ताणा आणि बाणा. जिथे दोन सुतं एकमेकांवरून जातात तिथे ती चिकटलेली नसतात, थोडी सरकू शकतात. म्हणून कापड अंगावर पडतं, कोपराला वळतं, धुतल्यावर परत जागेवर येतं. सुतांमधली भोकं असतातच, पण विणणारा त्यांचा हिशेब फार करत नाही. त्याला पोत, पडणं, रंग आणि टिकणं हवं असतं.

नॉनवोव्हनमध्ये सूतच नसतं. तंतूंची गादी पसरायची आणि ती कशीतरी एकत्र धरून ठेवायची. आता ती कशी धरली यावर सगळं ठरतं. तुमच्या तुकड्यावरचे ठिपके म्हणजे स्पनबॉन्डची खूण. वितळलेल्या पीपीचे अखंड तंतू जाळीवर पडतात आणि नक्षीच्या गरम रोलरमधून जाताना प्रत्येक ठिपक्याला वितळून जोडले जातात. ठिपक्याला तंतू हलू शकत नाही, म्हणून ती पिशवी कागदासारखी वाजते आणि तिला शर्टासारखी चूण पडत नाही.

आमच्या लाइनवर उष्णता नव्हती. गादी पुढे सरकायची आणि वरून हजारो काटेरी सुया तिच्यात घुसून बाहेर यायच्या. सुईचा काटा वरचे तंतू ओढून खाली नेतो आणि तंतू एकमेकांत गुंततात. तयार माल जाड ब्लँकेटसारखा किंवा नमद्यासारखा दिसतो. २०० जीएसएमचं असं कापड दोनेक मिलिमीटर जाड असतं. तुमचा ठिपक्यांचा ७० चा तुकडा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असेल.

म्हणजे पीपी तेच, पण आतली भोकं वेगळी. स्पनबॉन्डचं भोक पातळ कागदाला पडावं तसं. पंच केलेल्या कापडात एक सरळ भोक नाहीच. पाण्याला दोन मिलिमीटर वाकडातिकडा बोळ पार करावा लागतो. आम्ही जिओटेक्स्टाईल, म्हणजे तुमचं जिओफॅब्रिक, विकताना वजनाआधी दोन गोष्टी सांगायचो: भोक केवढं आणि त्यातून पाणी किती जातं. कापडाने माती अडवायची आणि पाणी सोडायचं, दोन्ही एकाच वेळी. शर्टाला कोणी असलं काम सांगत नाही.

एक मात्र नोंदवतो. स्पनबॉन्ड म्हणजे खोटं, असं नाही. उष्णतेने जोडलेली जिओटेक्स्टाईल्सही असतात आणि ती या कामासाठी मोजूनमापून बनवलेली असतात. पिशवीचं कापड तसं बनवलेलं नसतं.

आधी एक करा. तुकड्याला तोंड लावून फुंका. एका बाजूला चकाकी असेल आणि हवा जात नसेल तर लॅमिनेशन आहे. मग बोलायलाच नको, भिंतीमागे प्लास्टिकचा पडदा लावलाय.

---

किरण_ऐरोली | १५ जुलै, सकाळी ८:०५

चांगला धागा. आमच्या गच्चीतून दोन वर्षं गळतंय. यातलं कुठलं कापड टाकलं तर पाणी पूर्ण थांबेल? ३०० जीएसएमवाल्याचा भाव काय?

---

सुईफलक | १५ जुलै, सकाळी ८:५०

किरण, तुमची गरज उलटी आहे. हे कापड पाणी जाऊ देण्यासाठी आहे. गच्चीवर पाणी अडवतो तो वॉटरप्रूफिंगचा थर. कापड असलंच तर त्या थराला चिरू न देण्यासाठी आत घालतात किंवा वरून राखण म्हणून. नुसतं कापड टाकून गळती थांबणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

---

शुभदा_ओटी | १५ जुलै, दुपारी २:२०

मी निवृत्त परिचारिका, बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलं. "सगळं एकच" हे वाक्य वाचून थांबवेना.

आमच्या सुरुवातीच्या काळात हिरवे सुती गाउन आणि ड्रेप असायचे. धुवायचे, ऑटोक्लेव्हमध्ये घालायचे, पुन्हा वापरायचे. कोरडे असेपर्यंत ठीक. पण पोटाचं ऑपरेशन लांबलं की बाही कोपरापर्यंत भिजायची, आणि एकदा सुती कापड ओलं झालं की त्यातून जंतूंना वाट मिळते. घाम शोषायचा, हा सुताचा गुण शर्टात हवाहवासा असतो. टेबलाशी तोच घातक. शिवाय प्रत्येक धुलाईनंतर बारीक तूस निघायचं, ते जखमेत जायची भीती वेगळीच.

नंतर निळे एकदा वापरायचे गाउन आले. त्यात तीन थर असतात: बाहेरून दोन स्पनबॉन्ड, मध्ये मेल्टब्लोन. मधल्या थराचे तंतू इतके बारीक की त्याला स्वतःची ताकद नसते, बोटाने फाटतो. बाहेरचे दोन थर त्याला सांभाळतात.

२०२० मध्ये पीपीई मिळेना तेव्हा आमच्याकडे एका पुरवठादाराने गाउनचा गठ्ठा आणून दिला. दिसायला तसेच, रंगही तोच. माझ्या सहकारी सिस्टरने बाहीवर सलाइनची बाटली थोडी ओतली आणि मूठ आवळून चोळलं. आतून हात ओला. मधला थरच नव्हता, नुसतं स्पनबॉन्ड, पिशवीचं. गठ्ठा परत केला. पण त्याआधी किती जण ते घालून उभे राहिले, ते मला आजही आठवतं.

तुमच्या भिंतीबद्दल मला काही कळत नाही, पण "पीपी तेच" हे मी तेव्हाही ऐकलं होतं.

---

रंगनाथ_कापडवाले | १५ जुलै, दुपारी ३:१०

शुभदाताई, मग मास्कचं कापड घरी धुवून वापरलं तर चालतं का? आमच्याकडे अजून पडलेत.

---

शुभदा_ओटी | १५ जुलै, संध्याकाळी ५:००

नको. मास्कमधला मेल्टब्लोन फक्त भोकांनी कण अडवत नाही. त्यावर विद्युतभार दिलेला असतो, त्याने बारीक कण ओढले जातात. म्हणून तर श्वास घेता येतो. नुसत्या भोकांनी अडवायचं ठरवलं तर जीव गुदमरेल. साबण किंवा स्पिरिट लागलं की तो भार जातो. मास्क दिसायला स्वच्छ होतो आणि काम अर्धवट करतो.

---

पाचवा_मजला | १६ जुलै, रात्री ९:००

फुंकून पाहिलं. हवा जाते, दोन्ही बाजू सारख्याच मळकट, चकाकी नाही. म्हणजे लॅमिनेशन नाही.

मग दोन बाटल्यांचे बूड कापले, तोंडाला कापड रबराने बांधलं आणि उलट्या धरल्या. एकीला आमचा तुकडा, दुसरीला एका नर्सरीवाल्याकडून आणलेलं २०० जीएसएमचं पंच केलेलं जिओटेक्स्टाईल. नमदेवाल्या बाटलीत पहिले इंच-दीड इंच पाणी जरा अडलं, मग एकदम सरळ धार. आमच्या तुकड्यावर चार इंच पाणी तसंच उभं राहिलं, कडेने काही थेंब. बाटली भरली तेव्हा कुठे ठिबकायला लागलं.

म्हणजे सापडलं ना कारण? कापड पाणीच सोडत नाही.

---

सुईफलक | १६ जुलै, रात्री १०:२०

प्रयोग चांगला केलात, पण निष्कर्ष जरा लवकर काढलात. पीपीला मुळात पाणी आवडत नाही, म्हणून दोन्ही कापडांवर सुरुवातीला पाणी अडलं. लॅबमध्येही नमुना आधी पूर्ण भिजवून घेतात, मगच मोजतात. तुमच्या भिंतीमागे पाणी चढलं तर दाब बाटलीच्या कितीतरी पट असतो, तिथे हे पातळ कापड पाणी रोखून धरू शकत नाही. स्वच्छ पाणी असतं तर तुमचा तुकडाही चालला असता.

खरी परीक्षा चिखलाची आहे. भिंतीजवळची माती पाण्यात कालवा आणि दोन्हीत ओता. काय होतं ते सांगा.

---

दगडमाती | १६ जुलै, रात्री १०:५५

निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. सगळे कापडावर बोलताय. कापड नेमकं घातलं कुठे, हे कोणी विचारलं का? माती आणि खडीच्या मध्ये उभं, की पाइपाच्या तोंडाला गुंडाळून?

आणि कृपा करून कोणी पाइपात सळई घालून "मोकळं" करू नका. आतलं कापड फाटेल, पाणी वाहील, सगळे खूश होतील आणि मागची माती पाण्याबरोबर निघून जाईल. सहा महिन्यांनी वरचे पेव्हर बसतील.

---

पाचवा_मजला | १९ जुलै, दुपारी १:१५

आज सकाळी पाऊस थांबला तेव्हा कमिटीच्या परवानगीने, भिंतीच्या टोकाला जिथे उंची जेमतेम मीटरभर आहे तिथला एक पाइप मागून उघडला. प्लंबर आणि दोन माणसं होती. जे दिसलं ते लिहितो.

पाइपाच्या आतल्या तोंडाला कापडाचं फडकं तारेने बांधलेलं. त्यावर बोटभर जाडीचा गुळगुळीत शेवाळी चिखल, लेपासारखा बसलेला. कापडाला खाली एक चीर, खडीचं टोक घुसल्यासारखी. पाइप निम्मा गाळाने भरलेला. आणि पाइपामागे जी खडी असायला हवी, तिच्यात मुरूम आणि चिकणमाती इतकी मिसळली आहे की खडी वेगळी ओळखू येत नाही. माती आणि खडीच्या मध्ये कापड कुठेच नाही.

चिखलाचा प्रयोगही केला. आमच्या तुकड्यावर दोन ग्लासांत चिखलाचा पापुद्रा बसला आणि ठिबकणं जवळजवळ थांबलं. नमद्यातून आधी गढूळ पाणी आलं, मग बरंच निवळ, धार बारीक झाली पण चालू राहिली.

---

दगडमाती | १९ जुलै, दुपारी ४:३०

मग दोष कापडाइतकाच जागेचा आहे. माझ्या मते जास्त जागेचा.

हिशेब करून बघा. तुमचा एक पाइप दीड बाय दीड मीटर, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर भिंतीचं पाणी घेतो. कापड माती आणि खडीच्या मध्ये उभं असतं तर त्या सगळ्या पाण्याला गाळून घ्यायला सव्वादोन चौरस मीटर कापड मिळालं असतं. तुमच्याकडे ते फक्त चार इंची तोंडावर आहे. ते भरतं जेमतेम ०.००८ चौरस मीटर. तेच पाणी, तोच गाळ, पण जागा सुमारे २८० पट कमी. कितीही चांगलं कापड तिथे बांधलं असतं तरी कधी ना कधी बुजलंच असतं.

पाणी मागे साठलं की काय होतं तेही सांगतो, कारण कमिटीला त्याचाच आकडा पटेल. ३ मीटर भिंतीमागे निचरा झालेली मुरुमाची माती असेल तर दर मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा रेटा धरतो. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली तर तिचं वजन तरंगल्यामुळे मातीचा रेटा निम्म्यावर येतो, पण पाण्याचा स्वतःचा साडेचार टन वाढतो. एकूण सहा टनांच्या आसपास. म्हणजे दुपटीहून जास्त. भिंत डिझाइन करताना निचरा होणार असं गृहीत धरलं असेल तर हा रेटा तिच्या हिशेबात नाही. १८ मिलिमीटरचा निकाल लागेपर्यंत थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला आत्ताच बोलवा. ओळंब्याची खूण रंगाने करून दर आठवड्याला मोजा, आणि भिंतीलगत गाड्या लावणं बंद करा.

---

सुईफलक | १९ जुलै, संध्याकाळी ७:१०

जागेबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, माझ्या लक्षात आधी यायला हवं होतं. पण कापडाला मोकळं सोडू नका. चीर पाहा. ७० जीएसएमचं पातळ कापड खडीच्या टोकासमोर टिकत नाही. एकदा चीर पडली की ते गाळणं नाही, नुसतं भोक. पहिल्या वर्षी सप्टेंबरपर्यंत गढूळ पाणी येत राहिलं, ते बहुधा अशाच चिरांमधून आणि कडांमधून.

हे ओळखायचं कसं, तेही सांगतो. चांगलं बसलेलं जिओटेक्स्टाईल सुरुवातीला थोडं गढूळ पाणी सोडतंच. कापडाला टेकलेल्या मातीतले बारीक कण निघून जातात, जाडसर कण भोकांवर कमान करून बसतात आणि त्यांच्यामागे मातीचंच गाळणं तयार होतं. थोड्या दिवसांत पाणी निवळतं. खरं गाळण्याचं काम ती माती करते, कापड फक्त तिला धरून ठेवतं. म्हणून कापड मातीला घट्ट टेकलेलं लागतं. सैल राहिलं, मध्ये पोकळी राहिली, की तिथे चिखल साचून लेप बसतो, तुमच्या फडक्यावर बसला तसाच. पाणी निवळलंच नाही तर माती जातेय. पाणी थांबलं आणि माती ओली आहे तर बुजलंय. तुमच्याकडे दोन्ही झालं, एकापाठोपाठ एक.

---

नारळीपोफळी | २० जुलै, सकाळी ७:४५

आमच्याकडे गुहागरला उताराला काथ्याची जाळी घालतात. नैसर्गिक आहे, प्लास्टिक नको. तीच का नाही वापरत?

---

दगडमाती | २० जुलै, सकाळी ९:३०

उघड्या उतारावर ती उत्तम. काही वर्षांत कुजते आणि तोवर गवताची मुळं माती धरतात. कुजणं हाच तिचा उपयोग. भिंतीमागे मुळं येऊन काम हाती घेणार नाहीत. तिथे कुजलेलं कापड म्हणजे पुन्हा आजचीच अवस्था. जुन्या सुती साड्या घालणारेही पाहिलेत, ओल्या मातीत त्या एक पावसाळाही धड काढत नाहीत.

खरं सांगायचं तर माझा विश्वास अजूनही वाळू-खडीच्या थरांवर जास्त आहे. मातीला शोभेल अशी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी.

---

सुईफलक | २० जुलै, सकाळी १०:१५

तुमच्या काळात वाळू मिळत होती आणि थर घालणारे गवंडीही. आज तीन मीटर उंचीवर एकेक फूट जाडीचे उभे थर वेगळे राखून कोण भरतं? खडी टाकताना मिसळतातच. कापडाने तेच काम दोन मिलिमीटरमध्ये होतं.

---

दगडमाती | २० जुलै, सकाळी ११:००

आणि चिकणमाती असेल तर ते दोन मिलिमीटर किती वर्षं चालतील? येऊरच्या पायथ्याचा मुरूम जागोजागी बदलतो. मी तिथे कापड आणि मातीच्या मध्ये सहा इंच वाळू घालायला सांगेन.

---

सुईफलक | २० जुलै, सकाळी ११:४०

वाळू घातली तर माझी हरकत नाही, फक्त आधी माती तपासूया. घाटकोपरला बीटीआरए या कापड संशोधन संस्थेत जिओटेक्स्टाईलची लॅब आहे. भोकाचा आकार आणि पाणी सोडण्याची क्षमता तिथे मोजून मिळते. तुमचा जुना तुकडा आणि नव्या कापडाचा नमुना, दोन्ही द्या. मातीची चाळणी कुठल्याही माती-तपासणी लॅबमध्ये होईल. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कापड निवडता येतं, नाहीतर मी आणि दगडमाती इथेच दिवाळीपर्यंत बोलत राहू.

नवं कापड आणलंत तर रोल आवरणासकट सावलीत ठेवा. पीपी उन्हाने ठिसूळ होतं. अंथरून दोन आठवड्यांच्या आत मातीखाली जायला हवं. दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथे फूटभर तरी एकावर एक घ्या.

---

पाचवा_मजला | २७ जुलै, रात्री १०:०५

इंजिनिअर येऊन गेले. त्यांचा लेखी अहवाल यायचाय. तोंडी म्हणाले की मागची पूर्ण खोदाई पावसाळ्यात अजिबात नको, कारण ओला उतार उघडा पडेल. सध्या भिंतीच्या खालच्या भागात दहा नवी भोकं पाडून त्यात आतून गाळणी असलेले पाइप बसवायचे, म्हणजे साठलेलं पाणी उतरेल. नोव्हेंबरमध्ये मागची माती काढून खडीचा थर आणि जिओटेक्स्टाईल नव्याने. चार भोकं काल झाली. दोनांतून पाणी लागलं, पहिला दिवस गढूळ, आज संध्याकाळी बरंच निवळ. उरलेली दोन कोरडी.

ओळंबा १८ वरच आहे.

दुकानदाराने आता दोन नमुने दिलेत, एक पीपीचं आणि एक पॉलिएस्टरचं, दोन्ही पंच केलेली, दोन्ही २५०. पॉलिएस्टर स्वस्त पडतंय. काय घ्यावं?

---

सुईफलक | २७ जुलै, रात्री १०:५०

पॉलिएस्टरला उन्हाचा त्रास कमी, पण चुन्यासारख्या क्षारधर्मी गोष्टींचा जास्त. ताज्या काँक्रीटला टेकणार असेल तर मी पॉलिएस्टर घेणार नाही. तुमची भिंत तीन वर्षांची आहे आणि कापड खडीपलीकडे असणार, म्हणून इथे कदाचित चालेलही. अहवाल आल्यावर कापड नेमकं कुठून जाणार याचा नकाशा टाका, मग सांगतो.

---

रंगनाथ_कापडवाले | २७ जुलै, रात्री ११:२०

दोन्ही २५० आणि तरी दोन वेगळी कापडं. दोन्हींचे हातभर तुकडे मला पाठवा, उद्या दुकानात बाटली लावून बघतो.

---

दगडमाती | २८ जुलै, सकाळी ६:५५

कोरड्या दोन भोकांची जागा लिहून ठेवा. तिथे पाणी नाही की तिथपर्यंत पोचत नाही, हे नोव्हेंबरमध्ये उघडल्यावरच कळेल.